सेंद्रिय सर्टिफिकेट, रूपांतरण काळ आणि रेसिड्यू: गटातले शेतकरी नेहमी विचारतात ते प्रश्न

हळद, सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणाऱ्या गटांसोबत काम करताना तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. हे मुख्यतः एनपीओपीबद्दल आहे, म्हणजे 2001 पासून चालू असलेला केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्याचं कामकाज अपेडा ही केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था बघते. निर्यात करायची असेल तर हाच रस्ता. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची तपासणी करायची पद्धत, तिच्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

मी फवारणी 2022 पासूनच बंद केलीय, मग माझी दोन वर्षं झाली ना?

नाही. सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावरून होतात. रूपांतरण काळाचं, म्हणजे रासायनिक शेती सोडल्यापासून माल सेंद्रिय धरला जाईपर्यंतच्या काळाचं घड्याळ तुम्ही फवारणी बंद केली त्या दिवशी सुरू होत नाही, प्रमाणन संस्थेकडे तुमच्या जमिनीच्या त्या गट नंबरची नोंदणी झाली की सुरू होतं. त्याआधी तुम्ही कितीही प्रामाणिकपणे शेण, जीवामृत, दशपर्णी वापरलं असेल तरी ते कुणी तपासलेलं नाही, म्हणून आपोआप ते धरलं जात नाही. गटातर्फे नोंदणी करत असाल तर गटप्रमुख "टाकलं तुमचं नाव" एवढं सांगतो, त्यावर थांबू नका, अपेडाच्या ट्रेसनेट या ऑनलाइन नोंदणीवर आपलं नाव, गट नंबर आणि क्षेत्र चढलंय का आणि रूपांतरण सुरू झाल्याची तारीख काय धरलीय हे लेखी मागून घ्या. गटात कागद उन्हाळ्यात गोळा होतात आणि नोंदणी ऑगस्टमध्ये होते असं सर्रास घडतं आणि मग शेतकऱ्याच्या डोक्यातली तारीख वेगळी आणि कागदावरची वेगळी.

मागच्या काळासाठी सूट मिळू शकते, ती मात्र मागावी लागते आणि पुराव्यावर मिळते. जमीन पडीक होती, किंवा एखाद्या सरकारी योजनेत रसायनमुक्त म्हणून नोंद होती, अशी कागदं लागतात. आधीच्या आवृत्तीत कितीही सूट दिली तरी किमान 12 महिने काढावेच लागायचे. जानेवारी 2025 मध्ये एनपीओपीची आठवी आवृत्ती आली त्यात अटी घालून तीन वर्षांपर्यंत सूट देण्याची वाट उघडलीय. पण "गावात सगळ्यांना माहितीय" हा पुरावा धरत नाहीत, आणि धरू पण नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मग खरं करणारा आणि तोंडाने सांगणारा यांच्यात फरकच उरणार नाही.

रूपांतरण काळ नेमका किती आणि तो कसा मोजायचा?

हंगामी पिकांना पेरणीच्या आधी 24 महिने. फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांना पहिल्या सेंद्रिय तोडणीच्या आधी 36 महिने. वाचायला सोपं आहे, पण यातला "पेरणीच्या आधी" हा शब्द लोक सोडून देतात आणि तिथेच एक अख्खा हंगाम जातो.

उदाहरण घेऊ. हिंगोली जिल्ह्यातला एक शेतकरी समजा, तीन एकर, त्यात सोयाबीन आणि मागून हरभरा, शिवाय अर्धा एकर हळद. नोंदणी झाली 15 जुलै 2024 ला. म्हणजे 24 महिने पूर्ण होतात 15 जुलै 2026 ला. आता 2026 चा पाऊस वेळेवर आला आणि त्याने 25 जूनला सोयाबीन पेरलं, तर ती पेरणी 24 महिन्यांच्या आत झाली. सोयाबीन काढणार ऑक्टोबरमध्ये, तेव्हा दोन वर्षं कधीच होऊन गेलेली असतील, पण नियम काढणी बघत नाही, पेरणी बघतो. त्यामुळे ते सोयाबीन रूपांतरणातलंच. पहिलं सेंद्रिय पीक म्हणजे नोव्हेंबरमध्ये पेरलेला हरभरा. तीन आठवड्यांनी खरीप गेला.

आता तोच माणूस 5 जून 2024 ला नोंदला असता तर 25 जून 2026 चं सोयाबीन सरळ सेंद्रिय झालं असतं. पण हळदीचं गणित तरीही फसू शकतं. हळदीचं बेणं त्याने 25 मे 2026 ला लावलं, नोंदणीला 24 महिने होतात 5 जूनला, म्हणजे 11 दिवस कमी पडले. ती हळद फेब्रुवारी-मार्च 2027 ला निघेल आणि रूपांतरणातली म्हणूनच विकली जाईल. पुढची लावण 2027 च्या मे-जूनमध्ये, आणि सेंद्रिय हळद हातात पडणार 2028 च्या सुरुवातीला. 11 दिवसांसाठी एक वर्ष! म्हणून हळदवाल्यांना मी नेहमी सांगतो की नोंदणी एप्रिलमध्येच संपवा, पावसाची वाट बघत बसू नका.

आंब्याला उलटं, तिथे तोडणी बघतात. नोंदणी ऑगस्ट 2023 ची असेल तर 36 महिने ऑगस्ट 2026 ला होतात, म्हणजे 2026 चा उन्हाळ्यातला आंबा बाहेर, 2027 चा आत.

या दोन वर्षांतला माल काय म्हणून विकायचा?

पहिल्या 12 महिन्यांतला माल साधा माल. त्यानंतरचा "रूपांतरणाखालील" म्हणून विकता येतो, पण पाकिटावर सेंद्रिय किंवा ऑरगॅनिक छापायचं नाही. खरं सांगायचं तर रूपांतरणातल्या मालाला वेगळा भाव देणारा खरेदीदार फार कमी भेटतो, तेव्हा या दोन वर्षांचं घरचं बजेट बाजारभावावरच करा. सुरुवातीला उत्पादन पण थोडं बसतं, त्यामुळे सगळी जमीन एकदम टाकायची का टप्प्याने हा विचार आधी करा.

टप्प्याने करणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा, तेच पीक एकाच वेळी सेंद्रिय आणि रासायनिक दोन्ही प्लॉटवर घेऊ नका. दोन सोयाबीनचे ढीग बघून ओळखता येत नाहीत, म्हणून निरीक्षक त्याला हरकत घेतो. एका भागात सेंद्रिय सोयाबीन असेल तर दुसऱ्या भागात तेव्हा कापूस किंवा ज्वारी ठेवा.

मध्येच एकदा तणनाशक मारलं तर?

त्या प्लॉटचं घड्याळ परत शून्यावर. गड्याने न विचारता मारलं, भाऊबंदाने मारलं, काहीही कारण असलं तरी. पण लपवलं आणि नंतर नमुन्यात सापडलं तर एकट्याचं नाही, पूर्ण गटाच्या सर्टिफिकेटवर येऊ शकतं, कारण गटाच्या प्रमाणनात गटाची स्वतःची अंतर्गत तपासणी कमजोर निघाली असा त्याचा अर्थ लावतात. म्हणून झालं तर लगेच गटाला सांगा, तेवढा प्लॉट बाजूला काढा. बाकीच्यांचा माल वाचतो.

शेजारी फवारतो, माझा काय दोष?

दोष नाही, पण जबाबदारी तुमचीच धरतात. बांधालगत मोकळा पट्टा म्हणजे बफर ठेवायला लागतो. तो किती मीटर हे सगळ्यांना एकच ठोक माप नाही, शेजारी काय पीक आहे, पंप कोणता, वारा कुठून, उतार कुठे यावरून प्रमाणन संस्था ठरवते. हातपंपाने सोयाबीन फवारणारा शेजारी आणि ट्रॅक्टरच्या ब्लोअरने डाळिंब किंवा द्राक्ष फवारणारा शेजारी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बफरमधलं पीक वेगळं काढायचं आणि साधं म्हणून विकायचं, आणि त्याची वेगळी पावती ठेवायची. ही पावती बहुतेक जणांकडे नसते आणि निरीक्षक नेमकी तीच मागतो. बांधावर दाट शेवरी किंवा उंच ज्वारीच्या ओळी लावल्या तर फवारा अडतो, पण उताराने वाहून येणारं पाणी त्याने अडत नाही, त्यासाठी वरच्या बाजूला चर काढा.

सेंद्रिय मालात रेसिड्यू शून्यच पाहिजे का? मर्यादा किती आहे?

इथे तीन वेगवेगळी मापं आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात.

देशातल्या विक्रीला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे सेंद्रिय अन्नाचे 2017 चे नियम लागतात. त्यात कीटकनाशकाच्या अवशेषाची मर्यादा साध्या मालाच्या मर्यादेच्या 5 टक्के, किंवा लॅब जितकं कमीत कमी खात्रीने मोजू शकते ते प्रमाण, या दोन्हीत जे जास्त असेल ते. ते कमीत कमी प्रमाण म्हणजे रिपोर्टवर एलओक्यू लिहिलेलं असतं ते. समजा एखाद्या औषधाची साध्या मालातली मर्यादा किलोला 0.5 मिलिग्रॅम आहे. त्याचे 5 टक्के म्हणजे 0.025. लॅबचं एलओक्यू 0.01 असेल तर 0.025 जास्त आहे म्हणून मर्यादा 0.025. पण मूळ मर्यादा 0.1 असेल तर 5 टक्के होतात 0.005, जे लॅबला मोजताच येत नाही, मग मर्यादा 0.01 धरायची.

युरोपला जाणाऱ्या मालाचं वेगळं. तिथे सेंद्रियसाठी अशी वेगळी टक्केवारी ठरवलेली नाही, पण सेंद्रियमध्ये परवानगी नसलेला पदार्थ सापडला की तो कुठून आला याची चौकशी करायला लागते आणि चौकशी संपेपर्यंत माल अडकतो. आणि तिसरं माप खरेदीदाराचं. बहुतेक युरोपियन खरेदीदार करारातच 0.01 लिहून घेतात, त्यावर एक कण पण नको म्हणतात.

0.01 म्हणजे किती हे कळावं म्हणून हिशेब करून बघा, किलोला 0.01 मिलिग्रॅम म्हणजे 100 टन मालात एकूण 1 ग्रॅम. इतकं कमी असल्यामुळेच हे शेतात फवारल्याशिवायही सापडू शकतं, आणि म्हणूनच "मी मारलंच नाही" हे शंभर टक्के खरं असूनही माल फेल होतो.

मारलं नाही तर मग आलं कुठून? कसं शोधायचं?

यावर एक केस सविस्तर सांगतो, कारण याच्यासारख्या गोष्टी हळदीत वारंवार होतात. समजा 40 शेतकऱ्यांचा गट, 12 टन पॉलिश केलेली हळद एका लॉटमध्ये, आणि रिपोर्टवर क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक 0.03 आलं. खरेदीदाराची मर्यादा 0.01. गटात लगेच एकमेकांकडे बोट सुरू होतं.

पहिलं काम, लॉट परत फोडायचा. प्रत्येक शेतकऱ्याच्या पोत्यांवर नाव किंवा कोड असेल तर ते होतं, नसेल तर खेळ तिथेच संपला. कोड असले तर पाच-पाच जणांचे एकत्र नमुने करून आठ नमुने पाठवायचे, चाळीस पाठवायची गरज नाही. समजा त्यात एकाच नमुन्याचा आकडा मोठा आला आणि बाकी सगळे 0.01 च्या खाली. मग त्या पाच जणांचे वेगळे नमुने.

फक्त एक काळजी घ्या. पाच जणांत एकाचाच माल खराब असेल आणि नमुने सारखे मिसळले असतील तर आकडा पाचाने कमी होतो. म्हणजे एकाकडे 0.04 असेल तर मिश्रणात 0.008 दिसेल आणि तुम्ही "स्वच्छ" समजून पुढे जाल. म्हणून अशा वेळी लॅबला सांगून एलओक्यूच्या खाली काही दिसतंय का हे विचारून घ्या.

समजा दोघांचा माल निघाला. आता प्रश्न, शेतातून आलं का शेतानंतर? शेतातून आलं असेल तर दोन शक्यता मोठ्या. एक, बेणं. साध्या हळदवाल्याकडून बेणं घेतलं असेल तर ते कीटकनाशक आणि बुरशीनाशकात बुडवून काढलेलं असू शकतं. दुसरं, शेजारी. पण शेजाऱ्याकडून उडून आलं असेल तर बहुतेक वेळा एकच औषध येत नाही, त्याने त्या हंगामात मारलेली आणखी एक-दोन नावं पण सोबत दिसतात. एकच औषध, आणि तेही एकाच ठिकाणी साठवलेल्या मालात, असं दिसलं तर मी गोदामाकडे बघतो.

आणि आपल्या उदाहरणात तिथेच सापडतं. दोघांचीही पोती एकाच भिंतीला लागून होती आणि त्या खोलीत आधी वाळवीसाठी औषध मारलेलं होतं. क्लोरपायरीफॉस घराच्या पायाला, भिंतीला, लाकडाला वाळवीसाठी सर्रास वापरतात, आणि ते वर्षभरानंतरही भिंतीत असतं. खात्री कशी करायची? भिंतीला टेकलेल्या पोत्याचा बाहेरचा थर आणि त्याच पोत्याच्या मध्यातली हळद असे दोन नमुने द्या. बाहेरचा जास्त आणि आतला स्वच्छ असेल तर माल साठवणीत खराब झालाय. शेतातून आलं असतं तर आत-बाहेर जवळपास सारखं असतं. असा रिपोर्ट हातात असेल तर प्रमाणन संस्थेसमोर बोलायला जागा राहते की शेतकऱ्याने शेतात काही मारलेलं नाही, आणि त्याचा प्लॉट वाचू शकतो. तो लॉट मात्र सेंद्रिय म्हणून जात नाही, ते मान्य करायचं.

बाकी नेहमीचे चोर म्हणजे खताची किंवा आधी दुसऱ्याच्या मालाला वापरलेली पोती, भाड्याचं मळणी यंत्र आणि पॉलिशचा ड्रम (आधी कुणाची हळद फिरवली ते विचारा, आणि पहिली घाण साध्या मालाने काढून टाका), आणि बाजारातल्या "जैविक" बाटल्या. या बाटल्यांबद्दल मला मनापासून चीड आहे. लेबलवर निंबोळी किंवा वनस्पती अर्क आणि आत रासायनिक कीटकनाशक, असं सापडलेलं आहे. एका फवाऱ्यात अळी पट्कन मरत असेल तर शंका घ्या. कुठलीही विकतची निविष्ठा वापरायच्या आधी प्रमाणन संस्थेकडून लेखी मंजुरी घ्या आणि बाटलीतलं थोडं औषध बॅच नंबरसह बाजूला ठेवा.

हळद, मिरची वाळवल्यावर आकडा वाढतो का?

वाढतो. पाणी जातं, अवशेष बराचसा मागे राहतो. ओल्या हळदीच्या साधारण पाच किलोची एक किलो वाळकी होते, म्हणजे ओल्यात 0.004 असलेलं वाळल्यावर 0.02 पर्यंत जाऊ शकतं. शिजवताना काही प्रमाणात कमी होतं, पण त्यावर विसंबून राहू नका. म्हणून ओल्या मालाचा रिपोर्ट दाखवून वाळका माल विकायला जाऊ नका. रिपोर्ट वाळल्यानंतरचा, पॉलिश झाल्यावरचा काढा.

तिळाचं नाव सगळे घेतात, काय झालं होतं?

सप्टेंबर 2020 मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं. हे शेतातलं औषधच नाही, हा गॅस आहे, साल्मोनेला मारायला माल त्याने निर्जंतुक करतात. तिथे तिळाची मर्यादा 0.05 आहे आणि सापडलेले आकडे कितीतरी जास्त होते, सेंद्रिय म्हणून विकलेल्या तिळातही ते निघालं. त्याचा फटका थेट शेतकऱ्यांपर्यंत आला, कारण नंतर युरोपने काही प्रमाणन संस्थांची मान्यताच काढून घेतली आणि त्यांच्याकडे नोंदलेल्या स्वच्छ गटांचा माल पण अडकला. म्हणून प्रमाणन संस्था निवडताना फक्त फी बघू नका, तुमच्या पिकासाठी आणि तुमच्या देशासाठी तिची मान्यता आज चालू आहे का ते अपेडाच्या यादीत बघा.

रिपोर्ट स्वच्छ आला, मग सर्टिफिकेट कशाला पाहिजे?

कारण रिपोर्ट फक्त त्या नमुन्याबद्दल बोलतो. युरिया, डीएपी टाकलेला माल रेसिड्यूच्या तपासणीत पूर्ण स्वच्छ येऊ शकतो, कारण ती तपासणी कीटकनाशकं शोधते, खत शोधत नाही. "रेसिड्यू फ्री" आणि "सेंद्रिय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्टिफिकेट जमीन कशी सांभाळली याचं असतं.

आणि सर्टिफिकेट असलं तरी प्रत्येक विक्रीला टीसी म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागतं. ट्रेसनेटवर तुमच्या क्षेत्रावरून उत्पादनाचा अंदाज चढवलेला असतो, त्यापेक्षा जास्त माल टीसीवर जात नाही. अर्धा एकर हळदीवर कुणी अवाच्या सवा वाळकी हळद दाखवली तर तिथेच प्रश्न येतो. दुसऱ्याचा माल आपल्या नावावर घालायला सांगणारा व्यापारी भेटला तर सरळ नाही म्हणा, सर्टिफिकेट तुमचं जातं, त्याचं काही जात नाही.

पीजीएस चालेल का? की काहीच नको?

देशात विकायचं असेल तर पीजीएस चालतं, गटातले शेतकरी एकमेकांची तपासणी करतात आणि खर्च फारच कमी. परंपरागत कृषी विकास योजनेतले बहुतेक गट याच पद्धतीत आहेत. निर्यातीला ते चालत नाही. आणि तुम्ही स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकत असाल, वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल, तर एफएसएसएआयने प्रमाणनातून सूट दिलीय, पण मग जैविक भारत हा सेंद्रिय मालाचा सरकारी लोगो वापरता येत नाही. हाच माल दुकानदाराला दिला की सूट संपली.

नमुना घेताना मी काय बघायचं?

तुम्ही तिथे हजर राहा. एका पोत्यातून न घेता वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-खालून घ्यायला लावा. नमुन्याचे भाग करून सील होतात, त्यातला एक राखीव भाग कुठे आणि किती दिवस ठेवणार हे लिहून घ्या, कारण निकाल मान्य नसेल तर फेरतपासणी त्याच भागाची होते, तुम्ही नंतर नेऊन दिलेल्या मालाची होत नाही. लॅब एनएबीएलची आणि अपेडाची मान्यता असलेली हवी. सीलवर आणि फॉर्मवर लॉट नंबर एकच आहे ना हे सहीच्या आधी तपासा, आणि फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.